उंच कुंडी वाऱ्यात पडते: काठी, वजन की आडोसा?

वरच्या मजल्याच्या बाल्कनीत पाच फुटी झाड ठेवणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. मी तिन्ही उपाय करून पाहिलेत, तेही एकाच जास्वंदीवर. तुमचं झाड वेगळं असेल, वारा वेगळ्या बाजूने येत असेल, तेव्हा माझं म्हणणं जरा मागेपुढे करूनच घ्या.

आधी काठीबद्दल, कारण सगळे तिच्यापासूनच सुरुवात करतात. काठी खोडाला मोडू देत नाही, पण कुंडीला पडण्यापासून वाचवत नाही, हे मला काठीसकट आडवी झालेली कुंडी उचलताना कळलं. उलट मोकळं झाड वाऱ्यात थोडं वाकून जोर अंगावरून जाऊ देतं. काठीला जखडलेलं झाड ताठ उभं राहतं, शिडासारखा सगळा वारा अंगावर घेतं आणि तो जोर थेट कुंडीत उतरवतं.

तरी मी काठीवर फुली मारली ती यासाठी नव्हे. गच्चीवर वजन नको म्हणून आपण कुंडीत कोकोपीट, कंपोस्ट असलं हलकं मिश्रण भरतो. त्यात काठी मुळी ठरतच नाही. रोजच्या वाऱ्याने ती डुलते, सोबत खोड डुलतं आणि बुंध्याभोवती बोट जाईल एवढी गोल पोकळी तयार होते. खालची बारीक मुळं तुटत राहतात. ओळखायचं कसं? पाणी घातल्या घातल्या खालच्या भोकातून वाहू लागलं आणि माती मात्र कोरडीच राहिली, तर पाणी त्या पोकळीतून सरळ खाली निघून जातंय. दर आठवड्याला पोकळी बुजवायची, दर आठवड्याला ती परत तयार. मी शेवटी कंटाळलो. काठी रेलिंगला बांधली तर कुंडी पडत नाही, हे खरं. पण दोरी सैल झाल्याचं पहिल्या वादळापर्यंत कळत नाही, आणि घट्ट ठेवली तर ती साल कापते. बांधायचीच असेल तर जुन्या सुती कापडाची रुंद पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवा, म्हणजे खोड आणि काठी एकमेकांवर घासत नाहीत.

आडोशाचा कोपरा हा खरं तर सगळ्यात सभ्य उपाय. ना ओझं, ना दोऱ्या. फक्त दोन भिंती मिळतात तो आतला कोपरा घ्या. इमारतीच्या बाहेरच्या कोपऱ्याला वारा वळसा घालताना उलट जास्त वेगाने जातो, आणि भरीव कठड्याच्या वर आलेला शेंडा तर झोडपलाच जातो. जागा ठरवण्याआधी झाडाच्या उंचीवर एक फीत बांधून दोन-चार दिवस बघा. ती एका दिशेला फडफडली तर ठीक, गरगर फिरली तर तिथे भोवरा आहे. माझ्या जास्वंदीला तो कोपरा मानवला, पण ऊन अर्धं झालं आणि कळ्या कमी झाल्या. सावलीत तग धरणारं झाड असतं तर मी इथेच थांबलो असतो.

उरलं वजन. इथे बहुतेकांची चूक होते ती कुंडीच्या तळाशी दगड भरण्याची. त्याने मुळांची जागा जाते आणि दगडांच्या वरच्या मातीत पाणी साचून राहतं. वजन कुंडीच्या बाहेर हवं. माझी बारा इंची प्लास्टिकची कुंडी मातीसकट साधारण दहा किलो, पण खाली निमुळती, म्हणजे मध्यापासून तळाच्या कडेपर्यंत जेमतेम दहा सेंटीमीटर. पानांचा घेर जमिनीपासून मीटरभर वर असल्याने तिथे किलोभर जोर लागला की ती उलटायची. माती सुकली की त्याहून कमी जोर पुरे, म्हणून कुंड्या बहुधा कोरड्या असताना पडतात.

आता तीच कुंडी एका रुंद, बसक्या कुंडीत ठेवली आहे आणि मधल्या फटीत विटा आणि खडी ठासली आहे. एकूण वजन बावीस किलो, तळाची कड अठरा सेंटीमीटरवर. आता उलटायला जवळजवळ चौपट जोर लागतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, तेव्हा आधी पाडणाऱ्या वाऱ्याच्या दुप्पट वेग ती सोसते. यात रुंदीचा वाटा वजनाइतका नसला तरी बराच आहे. नुसत्या विटांनी हे झालं नसतं.

कटकट इथेही आहे. बाहेरच्या कुंडीला भोक नसेल तर पाणी साचून डास होतात, फरशी धुवायची तर आधी विटा काढाव्या लागतात, आणि अशा दहा कुंड्या बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला ओळीने मांडू नयेत. पण विटा मी फार तर महिन्यातून एकदा काढतो, पोकळी दर आठवड्याला बुजवायचो. शिवाय मोठ्या वाऱ्याच्या दिवसांआधी शेंडा फूटभर छाटतो. बुंध्याभोवतीची माती आता सलग आहे, पाणी घातलं की खालून यायला जरा वेळ लागतो.