दुखतंय पोटाच्या भिंतीत की पोटाच्या आत?

उजव्या बाजूला, बेंबीच्या जरा खाली, महिनोन्‌महिने दुखतंय आणि सोनोग्राफी, रक्त-लघवी सगळं नॉर्मल आहे, असं समजू. जागा विचारली की रुग्ण एकच बोट ठेवतो. हे पोटाच्या भिंतीच्या, म्हणजे स्नायू आणि त्वचेच्या थराच्या, दुखण्याचं लक्षण. आतड्याचं किंवा पित्ताशयाचं दुखणं सुरुवातीला तरी तळहात फिरवून दाखवलं जातं, आणि ते जेवण, शौच, उलटी, ताप यांच्याशी जोडलेलं असतं. भिंतीचं दुखणं मात्र उठताना, खोकताना, कूस बदलताना वाढतं.

कारण असं: पोटाच्या उभ्या स्नायूतून त्वचेकडे येणारी बारीक नस जवळजवळ काटकोनात वळते आणि तिथेच अडकते.

दुखणं भिंतीतलं की आतलं हे ओळखायची कार्नेटची चाचणी सोपी आहे. उताणं झोपवून दुखरा बिंदू बोटाने दाबायचा. बोट तसंच ठेवून रुग्णाला हात न टेकता डोकं व खांदे उचलायला सांगायचं. दुखणं वाढलं किंवा तेवढंच राहिलं तर भिंत. कमी झालं तर आतलं, कारण ताठ स्नायू ढालीसारखा आड येतो. बिंदूभोवतीची त्वचा चिमटीत धरल्यावर कळ आली, तर नसेचा संशय पक्का होतो. डॉक्टरांनी तिथे जागा बधिर करणाऱ्या लिडोकेनचं इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत दुखणं निम्म्याहून उतरलं, तर निदान बहुधा बरोबर.

चाचणी फसते ती अपेंडिक्सची सूज पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचल्यावर. तेव्हाही दुखणं वाढतं. हर्निया आणि नागीणही आधी वगळावी लागते. ताप, सतत उलट्या, वजन घटणं किंवा शौचातून रक्त असेल तर या चाचणीवर विसंबू नये.