दोन इव्हेंट मॅनेजर, दोन प्रोफाइल: काम कुणाला द्यायचं?

मागच्या महिन्यात बहिणीने मला दोन प्रोफाइल पाठवल्या आणि खाली लिहिलं, दादा तू एवढी वर्षं साउंडमध्ये काम केलंस, यातल्या कुणाला काम देऊ ते सांग. तिच्या कंपनीचा एक दिवसाचा कार्यक्रम आहे, 300 माणसं, सकाळी 10 ला दारं उघडणार, एक बाहेरचे वक्ते, बक्षीस वाटप, जेवण, स्टेजवर मोठी एलईडी वॉल. पण खरी अडचण अशी की हॉल आदल्या रात्री मिळत नाहीये, त्याच दिवशी पहाटे 5 ला ताब्यात मिळणार. म्हणजे उभारणीला हातात फक्त पाच तास, आणि मी दोन्ही प्रोफाइल वाचल्या त्या याच पाच तासांसाठी.

पहिल्या प्रोफाइलमध्ये वरच लिहिलंय, 400 हून जास्त इव्हेंट हॅन्डल केलेत. खाली मोठमोठ्या कंपन्यांचे लोगो, झगमगीत स्टेजचे फोटो, एक छान कापलेला व्हिडिओ. दुसरीत 36 कार्यक्रम आहेत, फोटो थोडे आणि साधेच, पण प्रत्येक कार्यक्रमाखाली चार-पाच ओळी लिहिल्यात. पहिल्या नजरेत पहिलीच भारी वाटते, बहिणीलाही तसंच वाटलं होतं.

आता "हॅन्डल केले" या शब्दात काय काय मावतं ते बघा. पूर्ण नियोजन केलं, तेही हॅन्डल. फक्त त्या दिवशी उभं राहून कार्यक्रम चालवला, तेही हॅन्डल. दुसऱ्या एजन्सीच्या हाताखाली नोंदणीचं टेबल सांभाळलं तरी हॅन्डलच. यात खोटं काहीच नाही, तिन्ही खरी कामं आहेत, पण तुम्हाला यातलं कुठलं हवंय ते तुम्हाला माहीत असतं आणि समोरच्याने कुठलं केलंय ते 400 या आकड्यावरून कळत नाही. फोटोंचंही तसंच, स्टेजची सजावट डेकोरेटरची असते, तोच फोटो डेकोरेटरच्या प्रोफाइलवरही सापडतो, लाईटवाल्याच्याही. शिवाय फोटो काढतात तो सगळं लागून झाल्यावर, दारं उघडायच्या वीस मिनिटं आधी त्या हॉलमध्ये काय चाललं होतं ते त्यात दिसत नाही.

दुसऱ्या प्रोफाइलमधल्या एका कार्यक्रमाच्या ओळी मी बहिणीला दोनदा वाचून दाखवल्या. साधारण अशा होत्या: एक दिवसाची परिषद, 280 लोक, हॉल पहाटे 4 ला मिळाला, दारं 9:30 ला, नियोजन पूर्ण आमचं. एलईडी वॉल 40 मिनिटं उशिरा उभी राहिली, कारण ट्रसवाले आणि कार्पेटवाले एकाच वेळी आत आले, तेव्हापासून ट्रस वर जाईपर्यंत कार्पेट आत येत नाही.

ज्याने हे काम जवळून बघितलंय त्याला कळेल की ही ओळ घरी बसून सुचत नाही. ट्रस म्हणजे लाईट टांगायचा धातूचा सांगाडा, तो जमिनीवर जोडतात, त्यावर लाईट टांगतात, केबल बांधतात आणि मग सगळं वर उचलतात, त्यासाठी खालची जमीन मोकळी लागते. तिथे आधीच कार्पेट आणि खुर्च्या येऊन पडल्या की ट्रसवाला थांबतो, त्याच्यामुळे लाईट आणि एलईडी थांबते, साउंडवाल्यालाही स्पीकर जागेवर लावता येत नाहीत, आणि शेवटी कात्री लागते ती साउंड चेकला कारण तो सगळ्यात शेवटी असतो. आम्ही कितीतरी वेळा माइक पाहुण्यांसमोरच तपासलेत ते याच कारणाने. म्हणून ज्या मॅनेजरने स्वतःची चूक लिहिली आणि त्यानंतर काय बदललं तेही लिहिलं, तिच्यावर मी आकड्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो. नुसती चूक लिहून उपयोग नाही हं, पुढे काय बदललं ते हवंच.

अजून एक गोष्ट तपासली. एका कार्यक्रमाखाली लिहिलंय, नोंदणीला 5 टेबलं, 250 लोक 25 मिनिटांत आत. गणित करा, एका टेबलावर 50 माणसं, म्हणजे मिनिटाला दोन, एका माणसाला 30 सेकंद. बॅज आधी छापून नावाप्रमाणे लावून ठेवले असतील तर हे जमतं, तिथेच नाव शोधून छापायला लागले तर नाही जमत. पुढच्या शब्दात लिहिलंच होतं, बॅज आधी छापलेले. आकडे एकमेकांशी जुळले की समजायचं हा माणूस तिथे उभा होता.

व्हेंडरच्या बाबतीत मात्र गोष्ट इतकी सरळ नाही, इथे मला पहिल्या प्रोफाइलचीही बाजू घ्यावी लागेल. तिथे लिहिलंय 150 व्हेंडरचं नेटवर्क. मोठ्या एजन्सीचा खरा फायदा काय असतो ते मी आमच्या गोडाऊनमधून बघितलंय. एकाच तारखेला दोन पार्ट्यांचं काम आलं की मालक सगळ्यात अनुभवी इंजिनिअर आणि चांगला मिक्सर त्याच्याकडे पाठवतो जो वर्षभर काम देतो, दुसरीकडे नवीन पोरगा जातो. त्यामुळे गर्दीच्या तारखेला मोठ्या मॅनेजरचा शब्द चालतो हे खरं आहे आणि लहान मॅनेजरने कितीही छान वेळापत्रक केलं तरी ही कमी भरून येत नाही. पण मग 150 हा आकडा उलटाच बोलतो ना, कारण 150 जणांत काम वाटलं तर एकेकाच्या वाट्याला किती येतं? मला जास्त उपयोगी वाटलं असतं असं काहीतरी, की याच साउंडवाल्याबरोबर 60 कार्यक्रम केलेत.

दुसऱ्या प्रोफाइलमध्ये नेटवर्कचा आकडा नाहीये, पण एका जुन्या कार्यक्रमाच्या उभारणीच्या वेळापत्रकाचं एक पान लावलंय, नावं झाकून. वेळ, कोण, कुठल्या गेटने, किती माणसं, आणि शेवटी एक रकाना, "कोण आणणार". हा रकाना बघून मला बरं वाटलं. पहाटे गेटवर भांडणं होतात ती सगळी याच्यावरून, एक्स्टेन्शन केबल कुणाची, एलईडीवाल्याचा लॅपटॉप की तुमचा, स्टेजचा जिना डेकोरेटर देणार की हॉल देणार. वीज कुठून घ्यायची तेही त्यात होतं, एलईडीला वेगळी लाईन, साउंडला वेगळी, कारण सगळं एकाच लाईनवर टाकलं की स्पीकरमध्ये घरघर येते नाहीतर एमसीबी तरी पडतो.

एक काम मात्र दोघांच्या बाबतीत करा. जुन्या क्लायंटचा नंबर सगळेच मागतात, तुम्ही एका व्हेंडरचा मागा. त्याला दोनच गोष्टी विचारा, फायनल वेळापत्रक किती दिवस आधी हातात येतं आणि उरलेले पैसे ठरल्या वेळी मिळतात का. ज्याचे मागचे पैसे अडकलेत तो व्हेंडर तुमच्या कार्यक्रमाला येईल, पण दहा मिनिटं लवकर येणार नाही आणि जास्तीची केबल गाडीत टाकणार नाही.

आता क्लायंटला शांत ठेवायचं कसं. पहिली प्रोफाइल म्हणते स्ट्रेस-फ्री अनुभव, तुम्ही फक्त पाहुण्यांसारखे या. बहिणीला हे वाक्य फार आवडलं होतं, मला त्याचीच काळजी वाटली, कारण पाहुणा म्हणून आलेल्या क्लायंटला बिघाड कळतो तो पाहुण्यांच्या तोंडून. दुसऱ्या प्रोफाइलमध्ये नियम लिहिलाय: त्या दिवशी तुमच्याकडून एकच माणूस आमच्याशी बोलेल, खर्च किंवा कार्यक्रमाचा क्रम बदलणार असेल तरच त्याला विचारू, बाकी अडचणी सोडवून संध्याकाळी सांगू.

आणि एक प्रसंग दिलाय. वक्त्यांची वेळ 11:30, आणि 10:50 ला फोन आला की 35 मिनिटं उशीर होणार. त्यांनी क्लायंटला पाठवलेला मेसेज तसाच छापलाय: "वक्ते 12:05 ला पोचतील. बक्षीस वाटप आधी घेतो, विजेते पुढच्या दोन रांगांत बसवलेत, ट्रॉफी स्टेजमागे आहेत. जेवण 20 मिनिटं पुढे, केटररला सांगितलंय. 11:10 पर्यंत फक्त हो कळवा." यात काय काय आहे बघा. वाईट बातमी पहिल्याच वाक्यात, उपाय लगेच, त्याची तयारी झाल्याचं सांगितलंय, आणि क्लायंटने करायचं एकच काम, तेही वेळ देऊन. असा मेसेज जाण्याआधी निवेदक, एलईडी चालवणारा आणि केटरर या तिघांशी बोलणं झालेलं असतं, म्हणून तो इतका छोटा होतो. "काळजी करू नका, बघतो आम्ही" असा मेसेज आला असता तर क्लायंट उठून स्टेजमागे आला असता.

अभिप्रायांबद्दल थोडक्यात, पहिल्यात पाचही जण खूश आहेत आणि पाचही अभिप्राय एकमेकांच्या जागी ठेवले तरी फरक पडणार नाही. दुसऱ्यात दोनच आहेत, त्यातल्या एकात लिहिलंय की बिल कोटेशनपेक्षा वाढलं, जनरेटर जास्त तास लागला, पण ते आदल्या दिवशीच सांगून लेखी होकार घेतला होता.

एवढं सगळं दुसऱ्याच्या बाजूने असलं तरी एका ठिकाणी मी अडकलो. तिथे लिहिलंय, प्रत्येक कार्यक्रमाला मी स्वतः हजर असते. ऐकायला छान, पण तुमच्या कार्यक्रमाला लावून बघा. 9:30 ला गेटवर केटररची गाडी, स्टेजवर वक्त्यांच्या स्लाइड तपासणं आणि नोंदणीपाशी लवकर आलेली माणसं, हे तिन्ही एकाच वेळी. प्रोफाइलमध्ये त्या आणि एक सहायक, एवढेच. 36 मधला सगळ्यात मोठा कार्यक्रम 320 लोकांचा. म्हणजे 300 ही त्यांची वरची मर्यादाच समजा. हाच कार्यक्रम 1000 माणसांचा असता किंवा एकाच वेळी तीन हॉल चालवायचे असते तर मी नुसते फोटो असूनही पहिल्याकडे गेलो असतो, फक्त त्या दिवशी जागेवर प्रमुख कोण असणार त्याला आधी भेटून. मोठ्या ठिकाणी मीटिंगला मालक येतो आणि कार्यक्रमाला भलताच कुणीतरी उभा असतो, हे फार वेळा होतं.

बहिणीने दोघांनाही फोन केला. पहिल्यांना विचारलं की पाच तासांत उभारणी केलेला एखादा कार्यक्रम आणि त्याचं वेळापत्रक दाखवता का. ते चांगलं बोलले, जागेवर कोण असेल त्याचं नावही सांगितलं, पण वेळापत्रकाबद्दल "होऊन जाईल, आमची टीम अनुभवी आहे" एवढंच. दुसऱ्यांना विचारलं की 9:30 ला तीन ठिकाणी कोण असेल. त्यांनी मान्य केलं की दोघांत जमणार नाही, नोंदणीसाठी तिसरा माणूस लागेल, त्याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे दाखवते, आणि दोन दिवसांत कच्चं वेळापत्रक पाठवलं.

काम दुसऱ्यांना दिलंय. वेळापत्रक बहिणीने मला फॉरवर्ड केलं, ट्रस 5:10 ला आत, कार्पेट 7:45 ला, खुर्च्या 8 ला, आणि 8:45 ते 9:15 च्या रकान्यात लिहिलंय, "साउंड चेक. हॉलमध्ये व्हॅक्युम क्लीनर बंद."