वी: ४८०आय ठेवू की ४८०पी?

निन्टेन्डोचा वी हा गेम कन्सोल टीव्हीला जोडताना एका मित्राला हाच प्रश्न पडला. अमेरिका-जपानमधले जुने ट्यूब टीव्ही सेकंदाला साठ वेळा पडदा रंगवत, पण दर वेळी एकाआड एक ओळीच, म्हणजे २४० विषम, मग २४० सम. कन्सोल याच टीव्हींसाठी बनत, म्हणून ४८०आय. ४८०पीमध्ये सगळ्या ४८० ओळी दर वेळी येतात.

चित्र: ट्यूबवर ४८०आय शोभतं, बारीक आडव्या रेषा तेवढ्या थरथरतात. एलसीडीला मात्र दोन अर्धी चित्रं सांधावी लागतात. पळत्या पात्राच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसले, तर सांधणी फसली समजा.

विलंब: सांधताना टीव्ही पुढच्या अर्ध्या चित्रासाठी थांबला, तर बटण दाबल्यावर उडी उशिरा दिसते. ४८०पीत हे काम वाचतं. चित्र पडद्याएवढं मोठं करणं उरतंच.

खटाटोप: ४८०पीला कंपोनंट केबल लागते. पिवळ्या पिनेची केबल ते वाहूच शकत नाही, आणि बहुतेक ट्यूब टीव्ही ते दाखवत नाहीत.

एलसीडी असेल तर केबल बदला, सेटिंगमध्ये ४८०पी निवडा. ट्यूबवर खेळणाऱ्याने ४८०आयच ठेवावं.