बीटचा रस, पाच महिने: रक्तदाबाच्या नोंदी आणि एका माउथवॉशने शिकवलेली गोष्ट

माझा वरचा रक्तदाब १४० च्या आसपास राहू लागला, तेव्हा डॉक्टरांनी मीठ कमी करायला आणि चालायला सांगितले. त्यांना विचारून मी रोज सकाळी २५० मिलिलिटर ताजा बीटचा रस सुरू केला. हे प्रमाण लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीतून घेतले आहे. तीत उच्च रक्तदाबाच्या ६४ रुग्णांपैकी निम्म्यांना चार आठवडे रोज एवढाच रस दिला होता, तर उरलेल्यांना नायट्रेट हा बीटमधला नैसर्गिक घटक काढून टाकलेला तसाच रस. नायट्रेटयुक्त रस घेणाऱ्यांचा दवाखान्यात मोजलेला वरचा रक्तदाब सुमारे ८ अंकांनी उतरला, आणि रस थांबवल्यावर तो पुन्हा पूर्वपदावर आला. दोन्ही रस बीटचेच असल्यामुळे हा परिणाम नायट्रेटचा आहे, असे म्हणायला चांगला आधार मिळतो.

रस सुरू करण्यापूर्वीच्या दोन आठवड्यांची माझी सरासरी १४१/८८ होती, आणि सहाव्या आठवड्यापर्यंत ती १३६/८६ झाली. मोजमाप रोज एकाच वेळी, पाच मिनिटे शांत बसून केले. तिसऱ्या महिन्यात हिरड्यांच्या त्रासासाठी दंतवैद्यांनी दोन आठवडे क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश दिला आणि रस चालू असूनही सरासरी १४० वर गेली. माउथवॉश संपल्यानंतर ती हळूहळू पुन्हा उतरली. याचे कारण तोंडातच असावे. रक्तात शोषलेले नायट्रेट लाळेत उतरते, जिभेवरील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि ते गिळल्यावर शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन रक्तवाहिन्या सैलावतात. जंतुनाशक माउथवॉश हे जिवाणूच मारतो. अर्थात हिरड्यांची सूज हेही कारण असू शकेल. एका माणसाच्या नोंदी म्हणजे पुरावा नव्हे.

या रसाने व्यायामातला दम वाढतो का, याबाबत मी अधिक सावध आहे. आतकरवाडीतून सिंहगड चढायला मला ५८ मिनिटे लागत, आता ५५ लागतात. परंतु पाच महिने नियमित चढल्यावर तेवढा फरक रसाशिवायही पडला असता. एक्सेटर विद्यापीठाच्या २००९ च्या प्रयोगात तीव्र सायकलिंग करताना दमण्यापूर्वीचा वेळ सुमारे १६ टक्क्यांनी वाढला होता, पण त्यात केवळ ८ पुरुष होते. पुढील अभ्यासांत कसलेल्या खेळाडूंना लाभ बराच कमी किंवा मुळीच दिसला नाही. प्रयोग करायचाच असेल, तर रस व्यायामाच्या दोन-तीन तास आधी घ्यावा, कारण रक्तातील नायट्राइट त्या सुमारास सर्वाधिक असते.

घरच्या रसाची मोठी अडचण अशी की त्यात नायट्रेट किती आहे हे कळत नाही. जमीन, खत आणि हंगाम यांनुसार ते बदलते, आणि बीट उकडून पाणी टाकले तर बरेचसे त्या पाण्याबरोबर जाते. लघवी लालसर होणे निरुपद्रवी आहे. मात्र बीटमध्ये ऑक्सलेट भरपूर असल्याने मुतखडा झालेल्यांनी आणि पोटॅशियममुळे मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून हा रस रोज घेऊ नये, तसेच रक्तदाबाची चालू गोळी या भरवशावर कोणीही बंद करू नये.