स्ट्रिपवरची फिकट रेषा फोनच्या फोटोतून मोजायची, तर पार्श्वभूमी कशी वजा कराल?

प्रेग्नन्सी टेस्टची साधी स्ट्रिप घ्या. त्यातली गुलाबी रेषा म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवर अडकलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण. हे कण ५२० ते ५३० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे हिरवा उजेड सर्वाधिक शोषतात. त्यामुळे फोटोतला हिरवा चॅनेल घेतला की रेषा सर्वात ठळक दिसते. रेषा निळ्या लेटेक्सची असेल तर लाल चॅनेल घ्यावा. इथवर फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तो रेषेच्या किमतीतून नक्की काय वजा करायचं यावर.

अडचण अशी की फोटोत दोन वेगवेगळ्या पार्श्वभूमी मिसळलेल्या असतात. एक उजेडाची: खिडकी एका बाजूला असते, फोनची सावली पडते, कॅसेटच्या खाचेची भिंत कडेला अंधार करते. दुसरी पट्टीचीच: नमुना पूर्ण वाहून गेला नाही की मागे गुलाबी झाक राहते, आणि ती बहुधा नमुना टाकतो त्या बाजूला जास्त असते. कोणती पद्धत निवडायची हे तुमच्या फोटोत यातलं काय जास्त आहे त्यावर ठरतं.

सर्वात सोपी पद्धत म्हणजे रेषेवर एक चौकोन, शेजारच्या कोऱ्या जागी तेवढाच दुसरा चौकोन, आणि दोन्हींच्या सरासरीतला फरक. ती किती फसवते ते आकड्यांत पाहू. समजा टी रेषेच्या, म्हणजे चाचणीच्या रेषेच्या, डावीकडे हिरव्या चॅनेलची किंमत १८०, उजवीकडे १६४ आणि रेषेच्या मधोमध १६० आहे. डावा चौकोन घेतला तर रेषा २० ची ठरते, उजवा घेतला तर ४ ची. रेषा तीच, फोटो तोच, उत्तर पाचपट वेगळं. एका बाजूचा चौकोन फक्त बंद खोक्यात, स्थिर एलईडीच्या एकसारख्या उजेडात काढलेल्या फोटोंसाठी ठीक आहे.

दुसरी पद्धत दोन्ही बाजू घेते. रेषेला आडवी जाईल अशी पट्टी कापायची, प्रत्येक उभ्या ओळीची सरासरी काढून आलेख करायचा, रेषेच्या दोन्ही बाजूंच्या कोऱ्या भागातून एक सरळ आधाररेषा ओढायची आणि आलेख तिच्या किती खाली गेला ते मोजायचं. वरच्या उदाहरणात मधोमध आधार १७२ येतो आणि रेषा १२ ची ठरते. हे उत्तर मानण्याजोगं आहे, कारण रेषेच्या रुंदीएवढ्या अंतरात उजेडाचा उतार जवळपास सरळच असतो.

पण वजाबाकीवर थांबू नका. उजेड हा गुणाकाराने काम करतो. तीच स्ट्रिप निम्म्या उजेडात ठेवली तर आधार ८६, रेषा ८० आणि फरक ६ येतो, म्हणजे रंग तेवढाच असून मोजमाप निम्मं. भागाकार केला तर दोन्ही वेळा १.०७५ येतं, आणि त्याचा लॉग सुमारे ०.०३१. म्हणून आधाराने भागून लॉग घेणं चांगलं. मात्र हे किमती उजेडाच्या प्रमाणात असतील तरच खरं. फोनच्या जेपीईजीमध्ये त्या वक्राने दाबलेल्या असतात, तेव्हा आधी तो वक्र उलटवावा लागतो:

```python
import numpy as np
g = crop[:, :, 1] / 255.0      # हिरवा चॅनेल
g = np.where(g <= 0.04045, g/12.92, ((g+0.055)/1.055)**2.4)
p = g.mean(axis=0)
x = np.arange(p.size)
bg = (x < a) | (x >= b)        # रेषेबाहेरचा भाग
base = np.polyval(np.polyfit(x[bg], p[bg], 1), x)
signal = -np.log10(p[a:b] / base[a:b]).sum()
```

इथे `crop` मध्ये फक्त टी रेषा आणि तिच्या आजूबाजूचा कोरा भाग हवा, कॅसेटची कड नको. `a` आणि `b` म्हणजे रेषा जिथे सुरू होते आणि संपते ते स्तंभ, ते थोडे सैल ठेवा. रेषेची शेपटी आधारात शिरली की फिकट रेषा आणखी फिकट होते. शेवटी शिखराची उंची न घेता बेरीज घेतली आहे, कारण फोटो किंचित तिरका असला की शिखर बुटकं आणि रुंद होतं, पण क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं.

तिसरा पर्याय रोलिंग बॉल. इमेजजे या चित्रं मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये `Process > Subtract Background…` इथे तो एका क्लिकवर मिळतो, म्हणून बहुतेकांचा हात आधी तिकडेच जातो. गडद रेषा पांढऱ्यावर असल्याने `Light background` वर खूण करायला विसरू नका. कल्पना अशी: किमतींच्या पृष्ठभागावर गोळा फिरवायचा आणि तो जिथवर पोचेल तेवढी पार्श्वभूमी मानायची. उजेड वेडावाकडा वळत असेल तर हा प्रकार सरळ रेषेपेक्षा सरस ठरतो. पण गोळा रेषेच्या खड्ड्यातही थोडा उतरतोच. तो मधोमध १ पातळी उतरला असं धरा. १२ च्या रेषेतून १ गेला तर कोणाला कळणारही नाही, २ च्या रेषेतून मात्र निम्मा संकेत गेला. म्हणजे नेमक्या ज्या फिकट रेषांसाठी हा खटाटोप, त्याच जास्त मार खातात आणि कॅलिब्रेशनचा आलेख खालच्या टोकाला वाकतो. त्रिज्या रेषेच्या रुंदीच्या कितीतरी पट मोठी घेतली की हे कमी होतं. त्रिज्या पिक्सेलमध्ये असते, म्हणून फोन जवळ-लांब झाला की तिचा अर्थ बदलतो. शिवाय गोळ्याची उंची पिक्सेलच्या किमतींतच मोजली जाते, त्यामुळे ०–२५५ चं चित्र ०–१ मध्ये बदलून तीच त्रिज्या ठेवली तर निकाल पार वेगळा येतो.

वक्र आधाररेषा, म्हणजे वरच्या कोडमध्ये `1` च्या जागी `2`, गुलाबी झाक खरोखर वळत असेल तरच वापरा. कोरा भाग अपुरा असेल तर वक्र मधल्या मोकळ्या जागेत हवा तसा फुगतो.

तुमच्याकडे उजेडाचा दोष आहे की पट्टीवरच्या झाकेचा, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. एक फोटो काढा, फोन जागचा न हलवता स्ट्रिप १८० अंशांत फिरवा आणि दुसरा काढा. फोटोतला उतार पूर्वीच्याच दिशेला राहिला तर तो उजेडाचा, स्ट्रिपबरोबर फिरला तर झाकेचा. ज्या पद्धतीने दोन्ही फोटोंत सारखा `signal` येतो ती तुमच्या मांडणीला लागू.

माझं मत विचाराल तर हाताने फोन धरून काढलेल्या फोटोंना दोन्ही बाजूंची सरळ आधाररेषा आणि भागाकार. शेकडो स्ट्रिप एकाच स्टँडवर, एकाच अंतरावरून घेत असाल आणि उजेड वळणदार असेल तर रोलिंग बॉलचा विचार करा. कोणत्याही पद्धतीआधी एचडीआर आणि नाइट मोड बंद करा. ते फिकट रेषेभोवतीचा कॉन्ट्रास्ट जागेवरच बदलतात आणि तो बदल नंतर उलटवता येत नाही. कोरा भाग २५५ ला टेकला असेल तर फोटो टाकून द्या, तिथली खरी किंमत हरवलेली असते.

किमान किती फिकट रेषा ओळखता येते, हे एका फोटोतल्या पिक्सेलच्या चढउतारावरून ठरवू नका. एचसीजी, म्हणजे टेस्ट जे हार्मोन शोधते, ते नसलेल्या नमुन्याच्या बऱ्याच स्ट्रिप चालवा, प्रत्येकीचा `signal` काढा, सरासरीत तीन प्रमाण विचलनं मिळवा. स्ट्रिप-स्ट्रिपमधला फरक पिक्सेलच्या गोंगाटापेक्षा बहुधा मोठा असतो. सी रेषेने, म्हणजे कंट्रोलच्या रेषेने, भागणंही जपून करा: टी रेषेने बरेच कण अडवले की सी फिकी पडते आणि गुणोत्तर सरळ वाढत नाही. एचसीजी फारच जास्त असेल तर टी रेषाच उलट फिकी होते. तिथे पार्श्वभूमीची कोणतीही वजाबाकी कामाची नाही, नमुना पातळ करून पुन्हा चालवावा लागतो.