मिसळ टेबलावर 100ची, ॲपवर 202ची

ठाण्यात नौपाड्यातल्या एखाद्या छोट्या हॉटेलात बसून खाल्लेली मिसळपाव 100 रुपयांना पडते असं धरू. मालकाची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे बिलही 100चंच. तीच मिसळ मानपाड्याला घरी मागवली, तर शेवटचा आकडा 202च्या आसपास जाऊ शकतो. दोष आपण डिलिव्हरीला देतो, पण निम्मा फरक त्याआधीच पडलेला असतो.

ॲपच्या मेनूत ती मिसळ 130 ला आहे असं समजा. रस्सा, फरसाण, पाव यांचे वेगळे डबे, म्हणून पॅकिंगचे 15. या 145 वर 5 टक्के जीएसटी लागून झाले साधारण 152. इथे एक गंमत आहे: 1 जानेवारी 2022पासून ॲपवरच्या जेवणाचा जीएसटी हॉटेल नव्हे, ॲप भरतं. म्हणून काउंटरवर कर न लावणाऱ्या हॉटेलची मिसळही ॲपवर करासकटच येते. पुढे डिलिव्हरीचे 30, प्लॅटफॉर्म फी 12, आणि या दोन्हींवर 18 टक्के जीएसटी. हे आणखी 50.

शेवटचे 50 एका ऑर्डरला एकदाच लागतात. चार प्लेट मागवल्या तर प्लेटमागे साडेबारा. पण आधीचे 52 प्रत्येक प्लेटला लागतातच. त्यामुळे ‘जास्त मागवलं की परवडतं’ हे अर्धंच खरं. चार प्लेटलाही एक मिसळ 165 लाच पडते.

वाढीव भाव म्हणजे मालकाची चैन, असंही नाही. ॲपचं कमिशन 25 टक्के असेल तर त्यावरच्या 18 टक्के जीएसटीसकट 130 मधले 38 जातात आणि मालकाच्या हाती 92 उरतात. टेबलावर त्याला पूर्ण 100 मिळतात, वर तो दुसऱ्यांदा तर्रीही वाढतो. घरी आलेल्या डब्यात ती मोजूनच असते.

कुपन बघताना टक्के सोडा, कमाल मर्यादा वाचा. ‘60 टक्के सूट, कमाल 80 रुपये’ हे चार प्लेटच्या 520 वर जेमतेम 15 टक्के होतं, तेही वाढवलेल्या भावावर. टेबलावरचा भाव हवा असेल तर ॲपवरच मेनूकार्डाचे फोटो सापडतात, फक्त ते कधीचे आहेत ते बघा. बिलात कराच्या ओळीवर बोट ठेवलं की पॅकिंग बऱ्याचदा तिथेच दडलेलं दिसतं.

एकट्यासाठी मागवायचं असेल तर मी ॲप उघडणार नाही. रिक्षाचं किमान भाडं 26. हॉटेल किमान भाड्यात पोचण्याइतकं जवळ असेल तर जाऊन-येऊन 152 मध्ये गरम मिसळ होते. चौघं घरी असतील आणि बाहेर धो धो पाऊस असेल, तर मागवा खुशाल. पण ऑफिसातून येताना हॉटेल वाटेवर लागत असेल, तर फोन करून पार्सल बांधून ठेवायला सांगणं सगळ्यांत स्वस्त. डबा घरचा नेलात तर पॅकिंगचे पैसेही बहुतेक मागत नाहीत.