गर्भपिशवीच्या तोंडाला टाका: आधीच घालायचा, की लांबी मोजत थांबायचं?

पाचव्या महिन्यात गर्भ गेला, काही महिन्यांनी पुन्हा दिवस राहिले, आणि आता दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगत आहेत. एक म्हणतात, तिसरा महिना संपला की लगेच टाका घालून टाकू. दुसरे म्हणतात, घाई नको, दर दोन आठवड्यांनी पिशवीच्या तोंडाची लांबी मोजू आणि कमी झाली तरच टाका घालू. हा गोंधळ मी ओपीडीत नेहमी ऐकते. दोन्ही सल्ले बरोबर असू शकतात, फक्त वेगवेगळ्या बाईसाठी. तुम्ही कोणत्या गटात बसता, हे बरंचसं मागच्या वेळी नेमकं काय घडलं त्यावर ठरतं.

आधी मागचे कागद काढा

टाका एकाच दोषावर चालतो: वाढत्या गर्भाचं वजन पेलायच्या आतच पिशवीचं तोंड आखूड होतं आणि उघडतं. अशा वेळी घडलेली हकिगत साधारण ठरावीक असते. बाईला फारशा कळा आलेल्या नसतात. एक-दोन दिवस खाली जड वाटतं, कंबर दुखते, पांढरं किंवा गुलाबी पाणी जातं. तपासलं तर तोंड तीन-चार सेंटीमीटर उघडलेलं आणि पाणमोट योनीत उतरलेली दिसते. बाळाचे ठोके तोपर्यंत चालू असतात.

याउलट बाळाचे ठोके पोटातच थांबले असतील, बाळात मोठा दोष असेल किंवा वार सुटून आधी भरपूर रक्तस्राव झाला असेल, तर पिशवीचं तोंड नंतर उघडलेलं असतं. तिथे पुढच्या वेळी टाका घालून काही साधत नाही. जंतुसंसर्गाचं निदान मात्र अवघड आहे. ताप आला म्हणून गर्भ गेला, की तोंड आधीच उघडल्यामुळे वर जंतू चढले, हे नंतर खात्रीने सांगता येत नाही. म्हणून डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी शोधा: भरती होताना ठोके होते का, त्या वेळी तोंड किती उघडं होतं, आणि कळा आधी सुरू झाल्या की नंतर. कार्ड हरवलं असेल तर घरात जे सोबत होते त्यांना विचारून दिवसवार लिहून काढा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.

मोजणं म्हणजे नेमकं काय

ही सोनोग्राफी आतून, म्हणजे योनीमार्गे करायची असते आणि त्याआधी लघवी करून यायचं असतं. पोटावरून मोजलेल्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. भरलेलं मूत्राशय तोंडाला दाबून लांब दाखवतं, आणि ज्या बाईला धोका आहे तिच्याच बाबतीत ही चूक महागात पडते. आतून करताना प्रोब जोरात टेकवला तरीही लांबी खोटी वाढते. पडद्यावर तोंडाची पुढची आणि मागची भिंत साधारण सारख्या जाडीची दिसली, तर दाब बरोबर आहे असं समजावं. आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंत, तीन ते पाच मिनिटांत तीनदा मोजतात आणि नीट मिळालेल्यांपैकी सर्वांत कमी आकडा धरतात. बाळाला यापासून काही होत नाही. दुखतही नाही, अवघडल्यासारखं मात्र वाटतं.

१६ ते २४ आठवड्यांच्या काळात लांबी साधारण ३५ ते ४० मिलिमीटर असते. २४ आठवड्यांच्या आत ती २५ किंवा त्याहून कमी झाली, तर तोंड आखूड म्हणतात. आतली बाजू नरसाळ्यासारखी उघडलेली दिसली की रिपोर्टात 'फनेलिंग' लिहितात. तो शब्द वाचून बायका घाबरतात, पण निर्णयासाठी खरा आकडा म्हणजे खाली बंद राहिलेल्या भागाची लांबी. १६व्या आठवड्याच्या बराच आधी मोजून फारसं कळत नाही, कारण तेव्हा पिशवीचा खालचा भाग आणि तोंड यांच्यातली सीमा नीट ओळखू येत नाही. बाराव्या आठवड्याला 'लांबी ४० आहे' असं ऐकून निर्धास्त होऊ नका.

टाका म्हणजे काय

हा उपाय जगभर ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे. मुंबईत जे.जे. रुग्णालयात काम करताना त्यांनी ही शस्त्रक्रिया बसवली आणि १९५५ मध्ये ती प्रसिद्ध केली. सुरुवातीला ते बाईच्याच मांडीतल्या पडद्याची पट्टी वापरत. त्यात मूत्राशय थोडं वर सारून टाका आतल्या तोंडाजवळ, उंचावर बसवतात. दोनच वर्षांनी मॅकडोनाल्ड यांनी सोपी पद्धत सांगितली: काहीही न सोडवता तोंडाभोवती चार-पाच ठिकाणी सुई घेऊन, बटव्याच्या नाडीसारखा धागा आवळायचा. आज बहुतेक ठिकाणी हीच पद्धत वापरतात. पाठीच्या कण्यात भूल देऊन काम थोड्या वेळात होतं. अनेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. धागा जाड पट्टीचा की बारीक एकेरी, यावर बराच वाद झाला. ब्रिटनमधल्या दोन हजारांहून जास्त बायकांच्या चाचणीत गर्भ वाचण्यात फरक दिसला नाही, तेव्हा धाग्यावरून दवाखाना बदलू नका.

धोके कमी असले तरी खरे आहेत. टाका घालताना पाणमोट फुटू शकते, नंतर जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि टाका असतानाच जोरात कळा सुरू झाल्या तर तोंड फाटू शकतं. आधीच घालायचा टाका १२ ते १४ आठवड्यांदरम्यान घालतात. तोवर एनटी स्कॅन होतो, ठोके आणि ठळक दोष पाहून होतात. जो गर्भ तसाही टिकणार नव्हता त्याला टाका घातला जाऊ नये, म्हणून ही वेळ.

दोन्ही वाटा शेजारी ठेवल्या तर

आधीच टाका घालण्याचा सर्वांत मोठा अभ्यास १९९३ चा. १,२९२ बायकांपैकी ३३ आठवड्यांच्या आत बाळंत झालेल्यांचं प्रमाण टाक्याने १७ टक्क्यांवरून १३ वर आलं. म्हणजे एक लवकर बाळंतपण टाळायला साधारण २५ जणींना टाका घालावा लागला. पण ज्यांची मागे तीन किंवा अधिक गरोदरपणं वेळेआधी संपली होती त्यांच्यात हेच प्रमाण ३२ वरून १५ वर उतरलं. त्यामुळे तीनदा गेलं असेल तर मोजत बसू नये, टाका घालावा, यावर फारसं दुमत नाही.

ब्रिटिश मार्गदर्शनात हा तीनचा आकडा पाळतात. अमेरिकी मार्गदर्शनात कळांशिवाय, वार न सुटता तोंड उघडून एकदा जरी गर्भ गेला असेल तरी आधीच टाका घालायला जागा ठेवली आहे. तुमचे दोन डॉक्टर बहुधा या दोन शाळांमधून बोलत असतात.

मोजत राहण्याच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट अशी की मागे लवकर बाळंत झालेल्या बहुसंख्य बायकांचं तोंड या खेपेला २४ आठवड्यांपर्यंत २५ च्या वरच राहतं. त्यांची भूल, शस्त्रक्रिया, पुढची धाकधूक सगळं वाचतं. आणि मागचा इतिहास असताना लांबी २५ च्या खाली गेली, तर तेव्हा घातलेला टाकाही उपयोगी पडतो. पाच चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा ३५ आठवड्यांआधीची बाळंतपणं ४१ टक्क्यांवरून २८ वर आलेली दिसली.

पण मोजण्याची वाट धरायची तर ती पूर्ण पाळावी लागते. समजा एका बाईचा गर्भ विसाव्या आठवड्यात, कळांशिवाय गेला. या खेपेला १६व्या आठवड्यात लांबी ३७, १८व्यात २८. आकडा अजून २५ च्या वर आहे, पण दोन आठवड्यांत नऊ मिलिमीटर गेले. इथे पुढची तारीख दोन आठवड्यांनी नव्हे, एका आठवड्याने द्यायची. १९व्या आठवड्यात २१ भरली. पांढरं पाणी तपासून, ताप आणि कळा नाहीत हे बघून एक-दोन दिवसांत टाका घातला. हीच बाई १८ नंतर 'सगळं ठीक आहे' म्हणून थेट २० आठवड्यांच्या अ‍ॅनॉमली स्कॅनला आली असती आणि तिथे भरल्या मूत्राशयावर पोटावरून ३४ लिहून मिळालं असतं, तर २२व्या आठवड्यात ती पाणमोट उतरलेल्या अवस्थेत आली असती. तेव्हाही टाका घालता येतो आणि दिवस वाढतात, पण यशाची खात्री खूप कमी आणि जंतुसंसर्गाची भीती खूप जास्त.

म्हणून माझं मत असं. एकदाच गेलं असेल आणि आतून नीट सोनोग्राफी करणारी जागा तुमच्या आवाक्यात असेल, तर मोजत राहा. दोनदा अगदी ठरावीक पद्धतीने, कळांशिवाय गेलं असेल, तर मी आधीच टाका घालण्याकडे झुकते. आणि एकदाच गेलं असलं तरी सोनोग्राफीसाठी एसटीने तीन तास जावं लागत असेल, पावसाळ्यात रस्ता बंद होत असेल, तर चार फेऱ्यांपैकी दोन चुकणार हे धरूनच बोला. पाळली न जाणारी मोजणी आधीच्या टाक्यापेक्षा जास्त धोक्याची आहे.

मागे काही झालं नाही, पण आताच लांबी कमी आली

ही बाई वेगळी. पहिलंच बाळंतपण, २० आठवड्यांच्या स्कॅनमध्ये अचानक १८ मिलिमीटर निघालं, तर टाक्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. इथे पहिलं औषध म्हणजे रोज रात्री योनीत ठेवायची २०० मिलिग्रॅमची प्रोजेस्टेरॉनची गोळी. २००७ च्या चाचणीत १५ मिलिमीटर किंवा कमी लांबी असलेल्या बायकांत ३४ आठवड्यांआधीची बाळंतपणं हिने ३४ टक्क्यांवरून १९ वर आणली. लांबी १० च्याही खाली घसरली, तर टाक्याचा विचार पुन्हा करतात. जुळं असेल तर निव्वळ आखूड लांबी पाहून टाका घालू देऊ नका. त्यात तोटा होण्याची शक्यता अभ्यासांत दिसली आहे. मागे गर्भ गेला आहे आणि आता लांबीही कमी आहे, अशा बाईला प्रोजेस्टेरॉन आणि टाका हे दोन्ही पर्याय समोर ठेवले जातात. तेव्हा 'गोळीवर थांबता येईल का' हा प्रश्न विचारायला संकोचू नका.

मागच्या वेळी टाका घालूनही गर्भ गेला असेल, तर पुन्हा तसाच टाका घालण्याआधी पोटातून घालायच्या टाक्याबद्दल विचारा. तो गर्भधारणेआधी किंवा अगदी सुरुवातीला, आतल्या तोंडाच्या उंचीवर बसवतात. २०२० च्या ब्रिटिश चाचणीत अशा बायकांपैकी पोटातून टाका घातलेल्या ८ टक्के जणी ३२ आठवड्यांआधी बाळंत झाल्या, खालून नेहमीचा टाका घातलेल्यांत ३३ टक्के. त्यानंतर बाळंतपण मात्र सिझेरियननेच.

टाका घातला की घरची मंडळी बाईला पायाकडून उंच केलेल्या पलंगावर चार महिने झोपवून ठेवतात. प्रेमापोटी करतात, पण त्याने गर्भ टिकतो असं दिसलेलं नाही, उलट पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. घरातली हलकी कामं, चालणं चालू ठेवावं. पाणी गेलं, ताप आला, वास येणारा स्राव झाला, रक्त दिसलं किंवा नियमित कळा आल्या, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा आणि दारातच सांगायचं, 'मला टाका आहे.' जोरात कळा असताना किंवा जंतुसंसर्ग झाल्यावर तो काढावाच लागतो. सगळं सुरळीत असेल तर खालचा टाका ३६ ते ३७ आठवड्यांत काढतात. बहुतेकींना त्यासाठी भूल लागत नाही. तारीख आणि काढणारे डॉक्टर टाका घालतानाच कागदावर लिहून घ्या, विशेषतः बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर.